घाट, बंगला आणि कॉट: इंग्रजीत जाऊन अर्थ बदललेले आपलेच शब्द

चिपळूणच्या एका काकांना पेपरमधली बातमी वाचून दाखवत होतो. पश्चिम घाटात खाणींना बंदी हवी की नको, असा काहीसा विषय होता. त्यांनी मध्येच थांबवलं. "पश्चिम घाट म्हणजे कुठला रे? कुंभार्ली की आंबा?"

मला हसू आलं खरं, पण चूक त्यांची नव्हती. त्यांच्या मराठीत घाट म्हणजे रस्ता, डोंगर चढून देशावर जायची किंवा उतरून कोकणात यायची वाट. कुंभार्ली घाट चिपळूणहून कराडकडे जातो, आंबा घाट रत्नागिरीहून कोल्हापूरकडे. घाट चढतो, घाट उतरतो, दरड कोसळली की घाट बंद होतो. डोंगराला त्यांनी आयुष्यात कधी घाट म्हटलेलं नाही. डोंगर तो सह्याद्री. घाट ही त्याच्यातली फट, जिथून बैल आणि माणसं ये-जा करतात.

दोन भाषांतल्या सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या अर्थाच्या शब्दांना 'खोटे मित्र' म्हणायची पद्धत फ्रेंचांकडून आली. १९२८ साली दोन फ्रेंच लेखकांनी इंग्रजी शब्दांच्या या दगलबाजीवर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हे नाव रुळलं. फ्रेंच आणि इंग्रजीत हजारो शब्द सामाईक असल्यामुळे फसगतही हजारो ठिकाणी होते. मराठी आणि इंग्रजीचं तसं नाही. आपला 'मग' आणि त्यांचा चहाचा मग सारखे ऐकू येतात, पण त्यांत कोणी घोटाळा करत नाही. खरी फसगत करतात ते इथून तिकडे गेलेले शब्द. आपल्याला वाटतं, हा तर आपलाच, याचा अर्थ कशाला विचारायचा? आणि तिथेच पाय घसरतो.

घाटाचा अर्थ कुठे घसरला, हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. सोळाव्या शतकात जुआंव द बारुश या पोर्तुगीज बखरकाराने लिहून ठेवलं की किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या या डोंगररांगेला स्वतःचं असं नाव नाही, इथले लोक तिला नुसतं 'गात' म्हणतात आणि त्याचा अर्थ डोंगररांग. सह्याद्री हे नाव त्याच्या कानावर गेलं नसावं. १८८६ साली हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्तानी शब्दांचा जो मोठा कोश काढला, त्यात या गैरसमजाचा उलगडा केला आहे. लोक मुलखाबद्दल बोलताना 'घाटाच्या वरचा' आणि 'घाटाखालचा' असं म्हणत. परक्या माणसाला वाटलं, घाट हे त्या डोंगराचंच नाव असणार.

हा तर्क मला पटतो, कारण आपण आजही तसंच बोलतो. कोकणातल्या माणसाला 'घाटावरून आलाय' म्हटलं की पुरतं. तो नेमका कुंभार्लीवरून आला की वरंध्यातून, हे कोणी विचारत नाही. कर्नाटकात बालाघाट आणि पाईनघाट अशी मुलखांची नावं होती, म्हणजे घाटाच्या वरचा आणि घाटाखालचा. आपल्याकडे मराठवाड्यात तर बालाघाट हे डोंगररांगेचंच नाव होऊन बसलं आहे. तेव्हा सगळा दोष पोर्तुगिजांवर ढकलण्यात अर्थ नाही. वाटेचं नाव डोंगराला चिकटायला फार वेळ लागत नाही.

इंग्रजांनी हा समज उचलला आणि नकाशावर छापला. पश्चिमेकडची रांग झाली वेस्टर्न घाट्स. मग जोडीला पूर्वेकडची हवी, म्हणून ईस्टर्न घाट्स. तिकडे गोदावरी आणि कृष्णा डोंगर कापून सरळ समुद्राला मिळतात, त्यामुळे सह्याद्रीसारखी सलग भिंत नाहीच, पण नाव मात्र जोडीने ठरलं. पुढे भूगोलाची पुस्तकं मराठीत आली, त्यांत या नावांचं भाषांतर होऊन 'पश्चिम घाट' आणि 'पूर्व घाट' शिरले. इथून वाट म्हणून गेलेला शब्द डोंगर होऊन परत आला. २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल आला, २०१२ मध्ये युनेस्कोने या रांगेतली ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली, त्यांत महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार. तेव्हापासून 'पश्चिम घाट' रोज पेपरात दिसतो आणि काकांसारख्यांना तो कुठून कुठे जातो असा प्रश्न पडतो.

इंग्रजी मजकुरात घाट भेटला तर कसा ओळखायचा? एकवचनी असेल आणि आधी ठिकाणाचं नाव असेल, म्हणजे बोरघाट, आंबोली घाट, तर तो आपला रस्त्याचा घाट. अनेकवचनी, मोठ्या अक्षराने सुरू होणारा आणि आधी 'द' लावलेला असेल तर डोंगररांग. वाराणसीचं वर्णन चाललं असेल तर नदीच्या पायऱ्या, आणि 'बर्निंग घाट' म्हटलं तर स्मशान. भारतीय रेल्वेची इंग्रजी मात्र आपल्या बाजूची आहे. कर्जत ते लोणावळा हा 'घाट सेक्शन'. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर गेली, चढ ३७ फुटांमागे एक फूट असा, म्हणून कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावायची रीत पडली. त्या सेक्शनमधला घाट म्हणजे चढाची वाट, डोंगर नव्हे. लंडनमध्ये बसून भाषांतर करणारा इथे हमखास गोंधळतो.

आणि आपण 'नसता घाट घातला' म्हणतो किंवा भांडं 'घाटदार' आहे म्हणतो, त्यातले घाट इंग्रजीत गेलेच नाहीत. ते गेले असते तर काय काय झालं असतं, देव जाणे.

बंगल्याची गोष्ट वेगळी आहे. शब्दाचा मूळ अर्थ 'बंगालचा'. बंगालमधलं गवताने शाकारलेलं, उतरत्या छपराचं झोपडीवजा घर सतराव्या शतकात कंपनीच्या लोकांनी पाहिलं आणि तशी घरं स्वतःसाठी बांधली: एकमजली, भोवती ओसरी, हवा खेळती. नंतर छावण्यांत आणि थंड हवेच्या ठिकाणी साहेबांचे बंगले झाले, डाक बंगले झाले. १८७०च्या सुमारास इंग्लंडच्या केंट परगण्यात, वेस्टगेट आणि बर्चिंग्टन या समुद्रकाठच्या गावांत, सुट्टी घालवण्यासाठी या नावाची घरं बांधली गेली आणि शब्द तिथल्या जमिनीत रुजला. इंग्रजीने एकच खूण घट्ट धरली, ती म्हणजे घराला वरचा मजला नाही.

आपण दुसरी खूण धरली. साहेबाचा बंगला आपल्याला बाहेरून दिसायचा. दिसायचं ते कुंपण, फाटक, माळी, कोणाच्या भिंतीला भिंत न लागलेलं घर. आत मजले किती याच्याशी आपल्याला देणंघेणं नव्हतं. हा माझा अंदाज आहे, पण आजच्या वापराशी तो जुळतो. मराठीत दोन मजली, तीन मजली बंगला बिनदिक्कत असतो. मलबार हिलवरचा मुख्यमंत्र्यांचा 'वर्षा' बंगलाच, आणि निवडणुकीनंतर कुठल्या मंत्र्याला कुठला बंगला मिळाला याची बातमी होते ती मानामुळे. नाशिक-पुण्याच्या जाहिरातींत 'ट्विन बंगलो' असतो, म्हणजे मधली भिंत सामाईक असलेली दोन घरं, बहुधा वर मजला असलेली. इंग्लंडमध्ये त्याला सेमी-डिटॅच्ड हाउस म्हणतील, बंगलो म्हणणार नाहीत.

माझ्या आतेभावाने इंग्लंडहून सांगलीला फोन करून सांगितलं, "आई, आम्ही बंगलो घेतोय." तो तिथली भाषा बोलत होता, आत्या इथली ऐकत होती. संध्याकाळपर्यंत गल्लीभर पेढे वाटून झाले होते. उन्हाळ्यात आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे मामंजी, तिकडे गेले तर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे हातरुमालाएवढी बाग, सगळं तळमजल्यावर. शेजारी दोन्हीकडे सत्तरीच्या पुढची माणसं. तिकडे बंगलो म्हटलं की लोकांना आधी आठवतात म्हातारपणी जिने चढवत नाहीत म्हणून घेतलेली घरं. भावाने तो घेतला होता तेही आई-वडील येतील तेव्हा गुडघ्यांना त्रास नको म्हणून. आत्या आजही म्हणते, "घर छान आहे, पण बंगला नाही."

खाटेने तर दोनदा फसवलं. आपली, हिंदीची खाट सतराव्या शतकात इंग्रजीत 'कॉट' झाली. जहाजावर अधिकाऱ्यांसाठी टांगत्या कॉट आल्या. पुढे अमेरिकेत कॉट म्हणजे लष्करी छावणीतला घडीचा पलंग राहिला आणि ब्रिटनमध्ये कॉट म्हणजे चारही बाजूंना गज असलेलं तान्ह्या बाळाचं बिछान्याचं खोकं झालं. मधल्या काळात 'कॉट' मराठीत परत आली ती खाट आणि पलंग यांच्या मधली जागा धरून: लोखंडी किंवा लाकडी, साधी, एकट्याची. दवाखान्यात 'कॉट नंबर सात' असतो आणि वसतिगृहात कॉटखाली ट्रंक असते.

त्याच दौऱ्यात मामंजींनी स्कॉटलंडला दोन रात्रींसाठी हॉटेलची खोली घेतली. जाणार तिघं, पलंग एकच दोघांचा, आणि फॉर्मवर खाली लिहिलेलं की कॉट हवी असल्यास खूण करा, जादा पैसे नाहीत. मामंजींनी आनंदाने खूण केली. तिथे जादा माणसासाठी मागायचं असतं ते 'एक्स्ट्रा बेड', आणि त्याचे पैसे पडतात. रात्री दहा वाजता दार उघडलं तर कोपऱ्यात गजांचं पांढरं खोकं, त्यात घडी केलेलं इवलंसं पांघरूण आणि वर एक कापडी ससा. भाऊ दोन्ही रात्री खाली सतरंजीवर झोपला. ससा आत्याने विचारून आणला, तो आता सांगलीच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर आहे.