अंदाज 168, बिल 218: मधले पन्नास रुपये कुठून आले?

सोलापूर स्टेशनवर मुंबईची गाडी लागली की एकाच वेळी शेकडो लोक बाहेर पडतात आणि त्यातले बरेच जण मोबाईल काढून जुळे सोलापूरसाठी टॅक्सी शोधू लागतात. ॲप भाडं सांगतं, 168 रुपये. उतरताना मात्र बिल होतं 218.

आकडे समजण्यापुरते धरू: गाडीत बसण्याचे 30 रुपये, किलोमीटरला 12 आणि मिनिटाला दीड. अंतर 6 किलोमीटर आणि वेळ 18 मिनिटं धरली, तर 30 अधिक 72 अधिक 27, म्हणजे 129 रुपये. स्टेशनभोवती मागणी जास्त आणि मोकळ्या गाड्या कमी, म्हणून त्याला 1.3 ने गुणलं. झाले 168. हा गुणक संपूर्ण शहराला एकच नसतो. नकाशाचे छोटे भाग पाडून प्रत्येक भागातली मागणी आणि गाड्या यांचं प्रमाण सतत मोजलं जातं. त्यामुळे दहा मिनिटं चहा घेऊन, गर्दी पांगल्यावर पाहिलं तर आकडा बरेचदा उतरलेला दिसतो.

यातलं अंतर बऱ्यापैकी पक्कं असतं, पण 18 मिनिटं हे भाकीत आहे. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर आत्ता धावणाऱ्या मोबाईलचा वेग आणि त्याच वाराला, त्याच वेळी एरवी असणारा वेग, या दोन्हींवरून ते केलेलं असतं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की रस्ते वळवले जातात, आणि ‘एरवीचा मंगळवार’ त्या दिवशी काही कामाचा नसतो. समजा वळशामुळे अंतर साडेसात किलोमीटर झालं आणि वेळ 32 मिनिटं. आता 30 अधिक 90 अधिक 48, म्हणजे 168. योगायोगाने आकडा तोच आला, पण गुणक अजून लागायचाय! 1.3 ने गुणल्यावर 218. वळसा आणि कोंडी मिळून मूळ वाढ 39 रुपयांची होती. गुणकाने तिची जवळपास 51 केली. गर्दीच्या वेळी अंदाज जास्त चुकल्यासारखा वाटतो तो यामुळेच, कारण चूकही गुणली जाते.

काही ॲप भाडं आधीच ठरवून टाकतात. तिथे दोन-चार मिनिटांच्या फरकाने बिल बदलत नाही, पण मार्ग किंवा उतरायची जागा बरीच बदलली तर हिशेब नव्याने होतो. चालकाला ताटकळत ठेवलं तर त्याचे पैसे वेगळे लागतात.

भांडण्याआधी पावतीतले किलोमीटर आणि मिनिटं अंदाजाशी ताडून पाहावीत. किलोमीटर तेच आणि मिनिटं वाढली असतील तर कोंडी. किलोमीटर वाढले असतील तर पावतीवरचा मार्गाचा नकाशा उघडा: रस्ता सोडून इमारतींवरून गेलेली वेडीवाकडी रेघ दिसली तर मोबाईलच्या जीपीएसने जागा चुकीची टिपली आहे, आणि तक्रार करायला ती रेघच पुरावा आहे. रेघ रस्त्यावरूनच गेली असेल तर वळसा खरा होता. आणि दोन्ही आकडे जुळूनही बिल जास्त असेल, तर गुणक, थांबण्याचे पैसे किंवा टोल यांची ओळ शोधावी.