कुशिंग सिंड्रोम : कॉर्टिसॉलवाढीच्या उगमाचा शोध

शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त तयार होते आहे, म्हणजेच कुशिंग सिंड्रोम आहे, हे तपासण्यांनी पक्के झाले, आणि रुग्ण बाहेरून स्टेरॉइड घेत नाही याचीही खात्री झाली, की पुढचा प्रश्न हे कॉर्टिसॉल कोण तयार करवते आहे हा असतो. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रीनल) ग्रंथीतली गाठ ते स्वतःहून तयार करत असेल. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली गाठ एसीटीएच हे संप्रेरक सोडून अधिवृक्क ग्रंथींना राबवत असेल. किंवा फुप्फुसासारख्या भलत्याच अवयवातली गाठ एसीटीएच बनवत असेल. याला अस्थानी उगम म्हणतात. तिन्हींची शस्त्रक्रिया वेगवेगळ्या जागी होते, त्यामुळे आधी रक्त तपासून मग स्कॅन पाहणे हा क्रम मोडू नये.

पहिली फाटाफूट सकाळच्या रक्तातील एसीटीएचवरून होते. अधिवृक्क ग्रंथी स्वतःच्या मर्जीने कॉर्टिसॉल सोडत असेल तर निरोगी पिट्युटरी गप्प बसते आणि एसीटीएच १० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली जाते. मग पोटाचा सीटी स्कॅन करून गाठ शोधायची. हा मार्ग तसा सरळ आहे. आकडा २० च्या वर असेल तर उगम पिट्युटरीत किंवा अस्थानी असतो. १० ते २० च्या मधला आकडा संदिग्ध, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. एसीटीएच रक्तात लवकर विघटित होते. नमुना जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत घेऊन लगेच बर्फात ठेवला नाही, किंवा प्रयोगशाळेत थंड अवस्थेतच फिरवून प्लाझ्मा वेगळा केला नाही, तर आकडा खोटा कमी येतो आणि पिट्युटरीच्या आजाराचे खापर अधिवृक्क ग्रंथीवर फुटते. रक्त दूरच्या लॅबला पाठवताना ही चूक सहज घडते.

खरी कसोटी एसीटीएच जास्त असलेल्या रुग्णांत लागते. यांतल्या बहुसंख्यांचा उगम पिट्युटरीतच असतो, पण तिथली गाठ बहुधा काही मिलिमीटरचीच असते आणि एमआरआयमध्ये अनेकदा दिसतही नाही. उलट, कोणताही त्रास नसलेल्या दहातल्या साधारण एका माणसाच्या पिट्युटरीत एमआरआयवर छोटा ठिपका दिसू शकतो. म्हणून १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ असेल तर बहुधा पुढच्या तपासणीची गरज पडत नाही, पण ६ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपक्यावर विसंबून शस्त्रक्रिया करू नये.

अशा वेळी दोन्ही जांघांतल्या शिरांतून बारीक नळ्या कवटीच्या तळाशी असलेल्या दोन्ही इन्फिरियर पेट्रोसल सायनस या रक्तवाहिन्यांपर्यंत नेतात. पिट्युटरीचे रक्त तिथूनच उतरते. दोन्ही बाजूंचे आणि हाताच्या शिरेतले रक्त एकाच क्षणी घेतात. मग पिट्युटरीतल्या गाठीला एसीटीएच सोडायला लावणारे सीआरएच, किंवा ते मिळत नसेल तर डेस्मोप्रेसिन, टोचून पुढच्या दहाएक मिनिटांत पुन्हा नमुने घेतात. सायनसमधले एसीटीएच हातातल्यापेक्षा सुरुवातीला दुपटीहून किंवा औषधानंतर तिपटीहून जास्त असेल तर उगम पिट्युटरीत. ओल्डफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानंतर हेच निकष रूढ झाले. मात्र गाठ ग्रंथीच्या डाव्या भागात आहे की उजव्या, याचा या तपासणीतून मिळणारा अंदाज भरवशाचा नसतो.

तपासणीच्या दिवशी कॉर्टिसॉल चढेच असले पाहिजे. ते औषधांनी उतरवलेले असेल, किंवा आजार चढउतारी असून सध्या उतरलेला असेल, तर दबलेली निरोगी पिट्युटरी जागी होते आणि अस्थानी आजारही पिट्युटरीचाच वाटतो.

एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. ३४ वर्षांची स्त्री, पोटॅशियम २.९, एसीटीएच ५२, एमआरआयमध्ये पिट्युटरीच्या डाव्या भागात ४ मिलिमीटरचा ठिपका. ठिपका पाहून नाकावाटे शस्त्रक्रिया करण्याचा मोह होतो, पण पोटॅशियम खटकते. ते अस्थानी उगमात अधिक वेळा इतके उतरते. सायनस तपासणीत सुरुवातीला डावीकडे ६८, उजवीकडे ६०, हातात ४८. म्हणजे जास्तीत जास्त १.४ पट. औषधानंतर डावीकडे ८०, हातात ५६, पुन्हा १.४ पटच. नळी चुकीच्या शिरेत तर नव्हती? हे पाहायला त्याच नमुन्यांतले प्रोलॅक्टिन मोजतात, कारण तेही पिट्युटरीतूनच येते. ते डावीकडे ३८ आणि हातात १६ निघाले, म्हणजे २.४ पट. नळी जागेवर होती. एसीटीएच मात्र पिट्युटरीचे नव्हते. छातीच्या सीटीत उजव्या फुप्फुसात ११ मिलिमीटरची गाठ दिसते आणि संप्रेरके बनवणाऱ्या अशा गाठी टिपणाऱ्या गॅलियम डोटाटेट पेट स्कॅनमध्ये ती उजळते. गाठ काढल्यावर तिच्या पेशींत एसीटीएच सापडते आणि रुग्णाचे कॉर्टिसॉल झपाट्याने उतरते. पुढचे काही महिने तिला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात, कारण इतके दिवस दबलेली निरोगी पिट्युटरी लगेच कामाला लागत नाही.