बुल फ्लॅग फुटला की दांड्याइतकी वाढ नक्की?

‘बुल फ्लॅग वर फुटला की भाव दांड्याच्या उंचीइतका वर जातोच ना? वेजलाही तेच माप ना?’

नाही. दांड्याचं माप हा अंदाज आहे, आणि वेजचं माप वेगळंच असतं.

समजा, एक मिड-कॅप टोकन 0.80 डॉलरवरून मोठ्या व्हॉल्यूमवर 1.20 ला गेलं. दांडा झाला 0.40 चा. मग व्हॉल्यूम आटत भाव दोन समांतर रेषांत 1.08 पर्यंत उतरला, म्हणजे दांड्याचा 30 टक्के भाग परत दिला. निम्म्याहून जास्त परत दिला असता तर मी त्याला फ्लॅग म्हटलंच नसतं.

वरची रेषा 1.12 ला फुटली, तर पूर्ण टार्गेट 1.52. बरेच जण इथे ‘दांडा 50 टक्क्यांचा’ म्हणून थेट 1.68 धरतात, तो लॉग चार्टचा हिशेब, आणि बराच आशावादी. मी अर्धा माल अर्ध्या दांड्यावर, 1.32 ला काढतो. स्टॉप 1.06.

फॉलिंग वेजमध्ये दोन्ही रेषा खाली उतरत एकमेकींकडे येतात. तिथे दांडा मोजायचा नाही. सुरुवातीची सर्वांत रुंद उंची ब्रेकआउटच्या भावात मिळवायची.

मिड-कॅपची ऑर्डर बुक पातळ असते. एखादी मोठी ऑर्डरसुद्धा रेषेबाहेर लांब विक काढते, आणि कँडल पुन्हा आतच बंद होते. म्हणून चार तासांची कँडल रेषेबाहेर, वाढत्या व्हॉल्यूमवर बंद झाल्याशिवाय मी घेत नाही.