कापूर हुंगून लेह चढत नसतं

परवा इंदूरला राजवाड्याजवळ एका केमिस्टकडे उभा होतो, शेजारचे काका म्हणाले, "ऑक्सिजनच्या गोळ्या द्या, रविवारी लेहची फ्लाइट आहे." केमिस्टनं अ‍ॅसिटाझोलामाइड २५० ची स्ट्रिप काढली आणि वर सांगितलं, डोकं दुखलं की घ्या. म्हणजे दोन चुका एका दमात! ह्या गोळीत ऑक्सिजन नसतो, आणि उंचीवर होणारा त्रास टाळायचा तर ती डोकं दुखायच्या आधी सुरू करायची असते.

इंदूर साधारण ५५० मीटरवर, लेह ३,५०० वर, आणि दिल्लीहून विमान तासा-दीड तासात तिथं टाकतं. हवा विरळ म्हणून आपण भराभर श्वास घेतो, पण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू म्हणतो बस, आता हळू. ऑक्सिजन हवाय तरी ब्रेक लागतो, झोपेत तर श्वास मधेच थांबतो आणि माणूस दचकून उठतो. मूत्रपिंडं रक्तातलं अल्कधर्मी बायकार्बोनेट लघवीतून टाकून हा ब्रेक सोडवतात, पण त्यांना काही दिवस लागतात. गोळी कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे एन्झाइम अडवते, त्यामुळे बायकार्बोनेट लगेच बाहेर पडायला लागतं, रक्त थोडं आम्लधर्मी होतं आणि श्वास मोकळा चालतो. म्हणजे शरीर जे करणारच होतं तेच, फक्त लवकर.

हेच एन्झाइम जिभेवरही असतं, सोड्याची ती झिणझिण त्याच्यामुळेच कळते, म्हणून गोळी चालू असताना गोटी सोडा पाणचट लागतो. बाटली परत करू नका, दुकानदाराचा दोष नाही! बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, हेही ठरलेलंच.

काकांचा हिशोब असा. मोठ्या माणसाला १२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५० ची अर्धी गोळी, सकाळ-संध्याकाळ. फ्लाइट रविवारी तर सुरुवात शनिवारी सकाळी. फक्त लेहलाच राहणार असतील तर रविवार, सोमवार, मंगळवार घेऊन बंद. पण त्यांना तिथून पुढे पँगाँगला, सव्वाचार हजार मीटरवर, मुक्काम करायचाय, मग लेहला परत उतरेपर्यंत चालू ठेवायची, कारण हिशोब झोपायच्या उंचीचा असतो. बंद करताना डोस हळूहळू कमी करावा लागत नाही, सरळ थांबवा. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, अर्धी गोळी मोडून देऊ नका.

मी हे सांगितल्यावर काकांनी खिशातून कापराची पुडी काढली, "आणि हे?" कापूर हुंगला की नाक गार लागतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही.

आणि गोळी घेऊनही त्रास होऊ शकतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर पुढच्या डोसची वाट बघायची नाही, रात्र असली तरी खाली उतरायचं.