भागांची हप्त्यांनी विक्री, थकीत हप्ते आणि भागजप्ती

कंपनीने भाग विकताना पूर्ण रक्कम एकदम न घेता ती टप्प्याटप्प्याने वसूल करण्याची पद्धत. अर्जासोबत काही रक्कम, भागवाटप झाल्यावर काही, आणि उरलेली संचालक मंडळ मागेल तेव्हा एक किंवा अधिक हप्त्यांत भरायची असते. मागितलेली पण मुदतीत न आलेली रक्कम म्हणजे थकीत हप्ते. थकबाकी न भरणाऱ्याचे भाग कंपनी काढून घेते, त्याला भागजप्ती म्हणतात. पुढील विवेचन भारतातील कंपनी अधिनियम, 2013 आणि त्याच्या पहिल्या अनुसूचीतील ‘सारणी एफ’ या नमुना नियमावलीला धरून आहे.

आज पहिल्या जाहीर विक्रीत बहुतेक कंपन्या पूर्ण रक्कम अर्जासोबतच घेतात. हप्त्यांची पद्धत टिकून आहे ती मुख्यतः हक्कभागांच्या, म्हणजे आधीच्या भागधारकांना देऊ केलेल्या नव्या भागांच्या विक्रीत. रिलायन्स इंडस्ट्रीजने 2020 मध्ये 1,257 रुपयांना दिलेल्या हक्कभागांवर अर्जासोबत 314.25 रुपये घेतले, मे 2021 मध्ये तेवढेच आणि नोव्हेंबर 2021 मध्ये उरलेले 628.50 रुपये मागितले. असे अंशतः भरलेले भाग बाजारात खरेदी करणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हप्ता मागितला जातो तो नोंद दिनांकाला ज्याच्या नावावर भाग आहेत त्याच्याकडे. मूळ अर्जदार कोण होता, याला तिथे महत्त्व नाही.

सारणी एफनुसार एका मागणीची रक्कम भागाच्या दर्शनी किमतीच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी, आधीच्या हप्त्याच्या देय तारखेपासून पुढचा हप्ता किमान एक महिन्यानंतर देय व्हावा आणि भागधारकाला किमान 14 दिवसांची सूचना मिळावी. कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत वेगळ्या तरतुदी असू शकतात आणि असल्या तर त्याच लागू होतात. मात्र एकाच वर्गाच्या सर्व भागांवर मागणी सारखीच करावी लागते, हे बंधन अधिनियमाच्या कलम 49 चे आहे.

हप्ता थकला की पहिला परिणाम व्याजाचा. सारणी एफमध्ये देय तारखेपासून प्रत्यक्ष भरणा होईपर्यंत वर्षाला 10 टक्के, किंवा मंडळ ठरवील त्या कमी दराने व्याज आहे. 400 रुपये तीन महिने थकले तर 10 रुपये. मंडळ ते पूर्ण किंवा अंशतः माफही करू शकते. नियमावलीत तशी तरतूद असेल, तर थकबाकीदाराचा त्या भागांवरचा मतदानाचा हक्कही थांबतो. ताळेबंदात थकीत हप्ते मागितलेल्या भांडवलातून वजा दाखवतात. ती रक्कम येणे असली तरी मालमत्तेच्या बाजूला लिहीत नाहीत.

जप्तीचा अधिकार नियमावलीतून येतो. तिथे तो नसेल तर थकबाकी कितीही जुनी असली तरी कंपनीला भाग जप्त करता येत नाहीत. अधिकार असला तरी आधी स्वतंत्र नोटीस द्यावी लागते. तीत थकलेली रक्कम व व्याज, भरण्याची नवी तारीख, आणि त्या तारखेपर्यंत भरणा न झाल्यास भाग जप्त होऊ शकतील हा इशारा लागतो. नवी तारीख नोटीस पोचल्यापासून 14 दिवसांच्या आत असू नये. मुदत उलटल्यावरही भाग आपोआप जप्त होत नाहीत, मंडळाला तसा ठराव करावा लागतो. जप्ती ही मालमत्ता हिरावणारी कारवाई असल्याने न्यायालये या पायऱ्या काटेकोरपणे तपासतात. नोटिशीत रक्कम चुकली किंवा मुदत कमी दिली, एवढ्यावरूनही जप्ती रद्द ठरू शकते.

जप्तीनंतर त्या व्यक्तीचे त्या भागांपुरते सभासदत्व संपते आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत. पण थकबाकी मात्र मागे राहते! सारणी एफनुसार जप्तीच्या दिवशी देय असलेली रक्कम कंपनीला पूर्ण मिळेपर्यंत तिची जबाबदारी त्याच्यावरच असते. भाग पुन्हा विकले जाण्यापूर्वी मंडळ योग्य त्या अटींवर जप्ती रद्दही करू शकते.

हिशेबात गोंधळ होतो तो अधिमूल्याचा आणि पुनर्विक्रीचा. समजा, 10 रुपये दर्शनी किमतीचे भाग 12 रुपयांना दिले. अर्जासोबत 3, वाटपावर 5 (त्यात 2 रुपये अधिमूल्य), पहिला व अंतिम हप्ता प्रत्येकी 2 रुपये. ‘अ’ने 200 भागांवर अर्ज व वाटपाची रक्कम भरली, दोन्ही हप्ते थकवले. ‘ब’ने 100 भागांवर फक्त अर्जाची रक्कम भरली. अंतिम हप्त्यानंतर सर्व 300 भाग जप्त झाले.

भागभांडवल खाते मागितलेल्या दर्शनी रकमेने, म्हणजे 3,000 रुपयांनी नावे होते. अंतिम हप्ता मागण्याआधीच जप्ती झाली असती, तर भागामागे 8 रुपयांप्रमाणे 2,400 रुपयेच नावे पडले असते. ‘अ’चे अधिमूल्य कंपनीला मिळाले आहे, म्हणून त्याला हात लावायचा नाही. ‘ब’चे 200 रुपये अधिमूल्य खात्यात जमा दाखवले होते पण आलेच नाहीत, म्हणून ते खाते 200 रुपयांनी नावे करायचे. जमेच्या बाजूला वाटपाची थकबाकी 500, पहिल्या हप्त्याची 600 आणि अंतिम हप्त्याची 600. उरलेले 1,500 रुपये भागजप्ती खात्यात जमा होतात. पडताळा सोपा आहे: हा आकडा अधिमूल्य सोडून प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेएवढा यायला हवा. ‘अ’चे 200 भागांवर 6 रुपयांप्रमाणे 1,200 आणि ‘ब’चे 300, बेरीज बरोबर 1,500.

हे 1,500 रुपये लगेच नफा धरता येत नाहीत, कारण जप्त भाग कमी किमतीला विकावे लागले तर तूट त्यातूनच भरून काढायची असते. नवे भाग कसरीने, म्हणजे दर्शनी किमतीहून कमी दराने देण्यावर सामान्यतः बंदी आहे, पण जप्त भागांच्या पुनर्विक्रीला ती आड येत नाही. मर्यादा एवढीच की सूट त्या भागावर जप्त झालेल्या रकमेहून जास्त नसावी. म्हणून पूर्ण भरलेला म्हणून विकताना ‘अ’चा भाग 4 रुपयांपर्यंत उतरवता येतो, ‘ब’चा मात्र 7 रुपयांखाली नाही.

‘अ’चे 200 भाग पूर्ण भरलेले म्हणून 8 रुपयांना विकले, तर बँकेत 1,600 येतात, सुटीचे 400 भागजप्ती खात्याला नावे पडतात आणि भांडवल खाते 2,000 ने जमा होते. याच भागांवरचे उरलेले 800 रुपये भांडवली राखीव निधीत जातात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 1,500 ला 300 ने भागून सरासरी 5 रुपये धरणे. त्या हिशेबाने निधीत 600 रुपयेच जातात आणि ‘ब’च्या न विकलेल्या भागांच्या नावावर 300 ऐवजी 500 रुपये शिल्लक दिसतात. कोणाचे भाग विकले हे आधी ठरवावे, मग त्यांच्यावरच जप्त झालेली रक्कम घ्यावी. ‘ब’चे 300 रुपये त्याचे भाग विकले जाईपर्यंत भागजप्ती खात्यातच राहतात आणि ताळेबंदात भरणा झालेल्या भांडवलात मिळवून दाखवले जातात.