रेल्वेत बॅग चोरीला गेली? तक्रारीत ‘गहाळ’ नको, ‘चोरी’ लिहून घ्या

नागपूर स्टेशनवर उतरल्यावर बॅग जागेवर नाही हे कळलं, की बहुतेक लोक समोर दिसेल त्या खाकी वर्दीकडे धावतात. पण स्टेशनवर दोन खाकी वर्द्या असतात. रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ, केंद्र सरकारचं. लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी, महाराष्ट्र पोलिसांचे. प्रवाशाच्या सामानाच्या चोरीचा गुन्हा लोहमार्ग पोलीसच नोंदवतात. आरपीएफ चोराला पकडू शकतं, पण पुढे त्याला लोहमार्ग पोलिसांच्याच ताब्यात देतं. आरपीएफच्या चौकीत तासभर बसून, नाव-गाव सांगून घरी आलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना वाटतं तक्रार झाली. ती झालेली नसते.

१३९ वर फोन केला किंवा रेलमदद ॲपवर तक्रार टाकली, तरी तेच. संदर्भ क्रमांक येतो, ‘तक्रार निकाली’ असा मेसेजही येतो, पण तो एफआयआर नव्हे.

मात्र बॅग चोरीला गेली नसून तुम्हीच गाडीत विसरला असाल, तर हाच १३९ सगळ्यात कामाचा. तुम्ही नागपूरला उतरलात आणि बॅग गोंदियाकडे निघाली, तर लगेच गाडीचा क्रमांक, पीएनआर, डबा आणि बर्थ सांगा. पुढच्या थांब्यावर आरपीएफचा माणूस डब्यात चढून बॅग उतरवून घेऊ शकतो. नंतर ओळखपत्र घेऊन जायचं आणि आत काय काय आहे ते सांगायचं. ‘निळी बॅग’ एवढं पुरत नाही. ‘वरच्या कप्प्यात संत्रा बर्फीचे दोन डबे, खाली हिरवी साडी’ असं सांगितलं की काम लवकर होतं. विसरलेलं सामान परत मिळण्याची शक्यता खरोखर चांगली असते, फक्त वेळ दवडू नका.

आता चोरीकडे वळू. मी अर्ज लिहून देण्याचं काम करतो आणि माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं एकाच शब्दावर अडलेली असतात.

नंदनवनातल्या एक काकू कल्याणहून लग्न आटोपून परत येत होत्या. पर्स उशाखाली होती. भुसावळला जाग आली तेव्हा होती, अकोल्याला नव्हती. आत मंगळसूत्र, मोबाइल आणि सहा हजार रुपये. सकाळी उतरल्यावर एका चौकीत त्यांना सांगितलं गेलं, “हे तिकडच्या हद्दीत झालं, अकोल्याला जा.” त्या रडायला लागल्या तेव्हा कोणीतरी समजूत काढली, “काऊन एवढा त्रास घेता मावशी, अर्ज द्या, शिक्का मारून देतो.” अर्जात लिहिलं होतं, ‘प्रवासात माझी पर्स गहाळ झाली.’ काकूंनी सही केली. महिन्याभराने मोबाइलच्या विम्याचा दावा फेटाळला गेला. विमा चोरीचा होता, कागद हरवल्याचा.

इथे दोन चुका झाल्या. पहिली हद्दीची. गुन्हा कुठेही घडला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याने माहिती नोंदवून घेतलीच पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं आणि ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. याला झीरो एफआयआर म्हणतात. नागपूरला नोंद होते आणि कागद जिथली हद्द आहे तिथे पाठवले जातात. तुम्हाला अकोल्याला जायची गरज नाही. गाडीतच लक्षात आलं, तर टीटीई किंवा गाडीतल्या पोलिसांकडे एफआयआरचा फॉर्म मागा आणि भरून त्यांच्याकडेच द्या. त्यासाठी प्रवास तोडावा लागत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

दुसरी चूक शब्दाची. ‘गहाळ’ म्हणजे कोणी गुन्हा केलाच नाही, त्यामुळे तपासही नाही. हल्ली आणखी एक उत्तर ऐकू येतं: “पाच हजारांच्या आतलं आहे, एनसी होईल.” एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. साध्या चोरीला हा नियम आहे, खरं. पण प्रवासी वाहतुकीच्या वाहनातून झालेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेचं वेगळं कलम आहे, ३०५. ते दखलपात्र आहे, माल कितीचाही असो. नम्रपणे म्हणा, “साहेब, चालत्या गाडीतून गेलंय, ३०५ लावा.”

ई-मेलने किंवा ऑनलाइन माहिती दिली असेल, तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. लोक याचा अर्थ ‘तीन दिवसांत पोलीस फोन करतील’ असा घेतात. फोन येवो न येवो, जायचं तुम्हालाच आहे.

कागदपत्रांत तिकीट किंवा पीएनआरचा मेसेज आणि आधार लागतं. अडतं ते पावतीवर. लग्नात मिळालेल्या मंगळसूत्राची पावती कोणाकडे असते? नसली तरी गुन्हा नोंदवता येतो. अंदाजे वजन, घडण, वाट्यांवरची खूण लिहा आणि ते घातलेला फोटो जोडा. घरी गेल्यावर आणखी काही आठवलं, तर पुरवणी जबाब देता येतो. किंमत फुगवू मात्र नका, पुढे तीच उलटते.

मोबाइलसाठी आयएमईआय क्रमांक लागतो. तो बिलावर किंवा खोक्यावर असतो. sancharsaathi.gov.in वर हँडसेट ब्लॉक करताना पोलीस तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपीही येतो. चोरीला गेलेल्या नंबरवरच ओटीपी मागवायचा, तर आधी डुप्लिकेट सिम घ्यावं लागतं. हा क्रम उलटा केल्यामुळे निम्मे अर्ज तिथेच अडकतात.

काकूंचा अर्ज आम्ही नव्याने लिहिला. ठाण्याने नोंद नाकारली तर हीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. लोहमार्ग पोलिसांचे वेगळे अधीक्षक नागपुरात आहेत. त्यांच्याकडेही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. काकूंना तिथवर जावं लागलं नाही. रजिस्टर पोस्टाने अर्ज गेला आणि एफआयआर झाला.

रेल्वेकडून भरपाई मिळेल या आशेवर राहू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० नुसार, बुक न केलेल्या, स्वतःजवळच्या सामानाला रेल्वे जबाबदार नसते. तिच्या कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच असते. एका प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये चोरीला गेले होते. त्या प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही रेल्वेच्या सेवेतली त्रुटी नाही असं म्हटलं. आरक्षित डब्यात विनातिकीट माणसं घुसली होती आणि टीटीईला सांगूनही त्याने हटवली नाहीत, असा काही पुरावा असेल, तर ग्राहक आयोगात प्रयत्न करण्यात अर्थ आहे.

आणि माल परत मिळतो का? रोकड जवळजवळ कधीच नाही. सोनं वितळलं की संपलं. मोबाइलची आशा त्यातल्या त्यात बरी, कारण तो कोणीतरी सुरू करतोच. काकूंचा मोबाइल सात महिन्यांनी सापडला, मंगळसूत्र नाही. सापडलेली वस्तू पोलीस थेट हातात देत नाहीत, ती मुद्देमाल असते. न्यायालयात अर्ज करून, बंधपत्र लिहून ती ताब्यात घ्यावी लागते. काही सापडलंच नाही, तर पोलीस ‘अ समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. विमा कंपन्या हाच कागद मागतात आणि तो आपणहून घरी येत नाही. एफआयआरचा क्रमांक घेऊन, जिथे तपास गेला आहे त्या ठाण्यात त्याची प्रत मागा.