छेदणाऱ्या रेषा किती खऱ्या?

वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं एक शेत घ्या. वर माळाकडे मुरमाड, खाली नदीकडे काळी कसदार जमीन. इथे उसाच्या दोन जाती आणि दोन सऱ्या, चार फुटी आणि पाच फुटी, ताडून पाहायच्या आहेत. एक जात वर आणि दुसरी खाली लावली, तर तुलना जातींची होणार नाही, मातीची होईल.

म्हणून उताराला आडवे चार पट्टे पाडायचे. एका पट्ट्यात माती साधारण सारखी असते. प्रत्येक पट्ट्यात जात आणि सरीच्या चारही जोड्या येतात आणि कुठली जोडी कुठल्या वाफ्यात जाईल हे पट्ट्यागणिक वेगळी चिठ्ठी टाकून ठरतं. हेच रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन. पट्टे वरून खाली उभे पाडले, तर प्रत्येकात मुरूमही येतो आणि काळी मातीही, मग सगळी मेहनत फुकट.

समजा, एकरी सरासरी अशी आली: पहिली जात चार फुटीत ५० टन, पाच फुटीत ५८, दुसरी अनुक्रमे ५४ आणि ५०. नुसती सऱ्यांची सरासरी काढली तर ५२ आणि ५४. सरीनं फारसं काही होत नाही, असं कुणीही म्हणेल. आता आडव्या अक्षावर सरी, उभ्यावर टन घेऊन प्रत्येक जातीची रेषा काढा. एक चढते, दुसरी उतरते. रेषा समांतर असत्या तर सरीचा परिणाम दोन्ही जातींवर सारखा ठरला असता. इथे तो जातीवर अवलंबून दिसतो, म्हणजे आंतरक्रिया आहे.

पण चित्र बोलकं असलं तरी साक्ष तपासावी लागते. उत्पादनातला चढउतार कशामुळे किती, हे वर्गांची बेरीज सांगते. ती आंतरक्रियेची १४४, पट्ट्यांची ३६० आणि त्रुटीची, म्हणजे कशानंच न उलगडणाऱ्या फरकाची, १६२ आहे असं धरू. त्रुटीच्या स्वातंत्र्य मात्रा, म्हणजे तिच्या हिशेबातले स्वतंत्र फरक, ९, त्यांनी भागून तिचा मध्यमान वर्ग १८. आंतरक्रियेची मात्रा एकच, म्हणून १४४ ला १८ ने भागून येणारं गुणोत्तर, म्हणजे F, बरोबर ८. पाच टक्के पातळीवर, म्हणजे निव्वळ योगायोगानं एवढा F येण्याची शक्यता पाच टक्क्यांवर ठेवली तर, ५.१२ पुरेसा असतो. पट्टे हिशेबात धरलेच नसते, तर त्यांचे ३६० त्रुटीत मिसळून F ३.३ वर घसरला असता, तिथे ४.७५ लागतो. आंतरक्रिया असूनही हातून निसटली असती.

आता बहुतेक जण घाई करतात ती जागा. दोन सरासऱ्यांमधला फरक खरा मानायला तो किमान जेवढा लागतो, तो क्रांतिक फरक इथे सुमारे ६.८ टन येतो. पहिल्या जातीची आठ टनांची वाढ तो ओलांडते. दुसरीची चार टनांची घट ओलांडत नाही. चार फुटीत दुसरी जात पुढे आहे, हेही चारच टनांवर उभं आहे. म्हणजे रेषा समांतर नाहीत हे पक्कं, त्या खरोखर एकमेकींना छेदतात हे मात्र नाही. पहिल्या जातीला पाच फुटी सरी द्या, एवढं सांगता येतं. दुसरीला रुंद सरी मारक आहे, असं या आकड्यांवरून सांगणाऱ्याला मी तरी आणखी पट्टे लावायला सांगेन.